कुणाच्या हातची?

गेल्या मार्गशीर्षातल्या एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात एक प्रश्न विचारला गेला आणि तो पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. नवऱ्याला मधुमेह असल्याचे दिवाळीनंतरच्या तपासणीत कळले होते आणि आहारतज्ज्ञांनी जेवणातली कर्बोदके मोजायला सांगितली होती. त्याप्रमाणे त्याने मोबाइलवर एक ॲप घेतले होते. पानात बसल्यावर पहिला घास घेण्याआधी तो त्यात नोंद करी. त्या दिवशी त्याने ‘रोटी’ असे टंकले, तर समोर यादीच आली. कुठे एका रोटीच्या ७० कॅलरी होत्या, कुठे १०४, कुठे १५०, आणि प्रत्येकीपुढे ‘१ मध्यम’ असे तितक्याच ठामपणे लिहिलेले. यांतली कोणती घ्यायची, असे त्याने मोठ्याने विचारले. तव्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी मान न वळवता विचारले, “कुणाच्या हातची?”

आम्ही हसलो आणि त्याने मधला आकडा निवडला. पण मला तो प्रश्न चेष्टेचा वाटेना. माझ्या माहेरची घडीची पोळी, सासूबाईंची मंगळवेढ्याकडची ज्वारीची भाकरी आणि कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातली कागदासारखी पोळी या तिघींना एकच ‘मध्यम’ हा शब्द कसा पुरेल? शाळेत मी पंचवीस वर्षे मुलांना शिकवत आले आहे की आकड्याशेजारी एकक लिहिले नाही तर गुण मिळणार नाहीत. ‘एक पोळी’ हे कशाचे एकक आहे, हे मात्र मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

त्यातच आणखी एक गोष्ट घडली होती. मधुमेह म्हटल्यावर ओळखीच्या चार जणांनी ‘गहू बंद करा, ज्वारी हलकी असते’ असा सल्ला दिला, आणि नवऱ्याने तीन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी सुरू केल्या. तीनाच्या जागी दोन, तेही हलक्या धान्याच्या. म्हणजे खाणे कमी झाले याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. जेवणानंतरची साखर मात्र उतरायचे नाव घेईना. एखाद्या बोटातल्या थेंबावरून काही ठरवू नये हे खरे, परंतु आठवडाभर तीच रड चालू राहिल्यावर मी कपाटातला वजनकाटा खाली काढला. केक करायच्या उत्साहात घेतलेला तो काटा दोन वर्षे डब्यांमागे पडून होता. त्याचे सेलही बदलावे लागले.

पहिल्या दिवशी पोळ्या मोजल्या. २१० ग्रॅम कणीक घेतली, त्यात चमचाभर तेल म्हणजे ५ ग्रॅम गेले, आणि मऊ भिजायला १३५ ग्रॅम पाणी लागले. परातीतला गोळा ३५० ग्रॅमचा भरला. मिठाची चिमूट काट्याला कळलीच नाही. या गोळ्याचे मी सात उंडे केले. उंडे डोळ्यांच्या अंदाजाने केलेले असल्यामुळे ते एकसारखे नसतील असे मला वाटले होते, पण काट्यावर एक ४९, एक ५१ आणि बाकीचे ५०च्या आसपास आले, याचा मला थोडा गर्वही झाला. ३५० ग्रॅममध्ये २१० ग्रॅम कणीक, म्हणजे ५० ग्रॅमच्या उंड्यात ३० ग्रॅम कणीक. हे एवढे गुणोत्तर एकदा काढले की पुढचे सगळे सोपे असते, कारण पाण्याला कॅलरी नसतात आणि मोजायची असते ती कोरडी कणीकच. तरी दोन गोष्टी या हिशेबातून निसटतात. एक म्हणजे लाटताना लावायची पिठी. मी पिठीच्या वाटीचे वजन आधी आणि नंतर केले, तेव्हा पोळीमागे २ ग्रॅम पिठी पोटात जाते असे दिसले. दुसरी गोष्ट म्हणजे घडीत लावायचे तेल. बोटाने लावतो म्हणून ते नगण्य वाटते, पण तेही पोळीमागे २ ग्रॅम निघाले. घडीची पोळी करणाऱ्या घरात हे तेल कोणी तेल म्हणून धरतच नाही. ‘आमच्याकडे पोळ्यांना तूप लावत नाहीत’ असे मीसुद्धा आहारतज्ज्ञांना अगदी निरागसपणे सांगून आले होते.

मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेली अन्नघटकांची कोष्टके समोर घेतली. त्यांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ३२० कॅलरी, साडेदहा ग्रॅम प्रथिने, दीड ग्रॅम स्निग्धांश आणि ६४ ग्रॅम कर्बोदके दिली आहेत. तंतू त्यांत वेगळे धरले आहेत आणि ते ११ ग्रॅमच्या वर आहेत. जुन्या कोष्टकांत कर्बोदकांचे आकडे जास्त दिसतात, त्याचे एक कारण हे की तेव्हा बहुतेक तंतूही त्यांतच मोजले जात. दोन ॲपमध्ये दोन आकडे दिसण्यामागे पुष्कळदा हेच असते. माझ्या पोळीत पिठीसकट ३२ ग्रॅम कणीक होती, म्हणजे साडेवीस ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम प्रथिने. कणकेच्या १०२ कॅलरी आणि तेलाच्या २४ मिळून एका पोळीच्या सव्वाशेच्या थोड्या वर. ॲपमधला ‘१०४’ तेलाला विसरला होता, आणि ‘७०’ बहुधा कोणाच्या तरी लहानशा फुलक्याचा होता. तिन्ही आकडे आपापल्या पोळीपुरते खरेच असतील. आमच्या पानातली पोळी त्यांपैकी कोणाचीच नव्हती.

जाडीचा प्रयोग मी दुसऱ्या दिवशी केला, कारण ‘पातळ पोळी खा, जाड खाऊ नका’ हा सल्ला मला नेहमी अर्धवट वाटत आला आहे. ५० ग्रॅमचे दोन उंडे घेऊन एक १५ सेंटीमीटरचा जाडसर लाटला आणि दुसरा १९ सेंटीमीटरपर्यंत पसरवला. भाजल्यावर जाड पोळी ४६ ग्रॅम भरली आणि पातळ ४३ ग्रॅम. दोन्हींत कणीक तीच, तेल तेच, म्हणून कर्बोदकेही तीच. पातळ पोळीतून वाफ जास्त गेली इतकाच फरक. म्हणजे भाजलेली पोळी काट्यावर ठेवून कोष्टकातल्या ‘१०० ग्रॅम पोळी’च्या आकड्याने गुणले, तर कोरडी, कडक पोळी उगाच हलकी दिसते आणि मऊ, ओलसर पोळी उगाच जड. जाडी महत्त्वाची ठरते ती घेर तोच राहिला तर. एकाच तव्यावर, एकाच घेराची पोळी जाड झाली, तर त्याचा अर्थ उंडा मोठा घेतला होता. आणि घेराच्या बाबतीत तर डोळे सरळसरळ फसवतात. १५ सेंटीमीटरच्या पोळीशेजारी १८ सेंटीमीटरची ठेवली तर ती किंचित मोठी दिसते. पण जाडी सारखी असेल तर तिच्यात ४४ टक्के पीठ जास्त असते, कारण क्षेत्रफळ घेराच्या नव्हे, त्याच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करते आणि पोळपाटावर कधी केले नव्हते.

तिसऱ्या दिवशी भाकरीची पाळी आली, आणि काट्यासमोर सासूबाई बसल्या.

भाकरीचे पीठ एकदम भिजवत नाहीत, एकेका भाकरीपुरते मळतात, त्यामुळे मोजायला ती पोळीपेक्षा सोपी. त्यांनी परातीत नेहमीच्या मुठीने पीठ घेतले, मी परात आधीच शून्यावर आणली होती. ६० ग्रॅम. त्यावर आधणाचे पाणी घातले, ५५ ग्रॅम. तळहाताच्या टाचेने रगडून रगडून त्यांनी तो गोळा इतका मऊ केला की त्याला लोण्यासारखी चकाकी आली. खाली पिठी भुरभुरून त्यांनी थापायला सुरुवात केली. भाकरी परातीत स्वतःभोवती फिरत मोठी होत जाते, ते मी वीस वर्षे बघते आहे, आणि अजूनही मला ती कोण फिरवते ते दिसत नाही. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवला. ते पाणी सुकताना होणारा चर्र आवाज आणि भाजलेल्या ज्वारीचा तो गोडसर, मातीजवळचा वास. भाकरी फुगली, पापुद्रा सुटला, आणि मी ती त्यांच्या नजरेदेखत काट्यावर ठेवली. १०२ ग्रॅम. “आता देवाला नैवेद्यसुद्धा मोजून दाखव,” त्या म्हणाल्या.

खालच्या पिठीतली जी भाकरीला चिकटून गेली ती ४ ग्रॅम धरली, तर एका भाकरीत ज्वारीचे ६४ ग्रॅम पीठ होते. त्याच कोष्टकांत ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये ३३४ कॅलरी आणि पावणेअडुसष्ट ग्रॅम कर्बोदके आहेत. म्हणजे सासूबाईंच्या एका भाकरीत सव्वादोनशेला थोड्या कमी, २१४ कॅलरी आणि ४३ ग्रॅम कर्बोदके. मी शांतपणे कागदावर दोन ओळी लिहिल्या. तीन पोळ्यांची कर्बोदके साडेएकसष्ट ग्रॅम, दोन भाकरींची साडेशहाऐंशी. ‘हलक्या’ ज्वारीवर आल्यापासून नवरा प्रत्येक जेवणात पंचवीस ग्रॅम कर्बोदके जास्त खात होता. एका अख्ख्या पोळीहून अधिक, आणि वर पोळ्या सोडल्याचे समाधान.

फसवणूक करणारा आणखी एक आकडा याच कागदावर होता. भाजलेल्या वजनाप्रमाणे बघितले तर १०० ग्रॅम भाकरीत २१० कॅलरी आणि १०० ग्रॅम पोळीत २८५च्या पुढे. कोणी इतकाच तक्ता दाखवला तर भाकरी चांगलीच हलकी वाटेल. पण तो हलकेपणा ज्वारीचा नाही. त्यातला काही भाग पोळीतल्या तेलामुळे आहे आणि काही भाकरीने धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. पीठ सारखे घेतले की हे धुके विरते. ६४ ग्रॅम कणकेत ४१ ग्रॅम कर्बोदके, तेवढ्याच ज्वारीत ४३, बाजरीत साडेएकोणचाळीस. प्रथिने तिन्हींत साडेसहा-सातच्या घरात. तंतूही साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान. धान्य बदलल्याने दोन-तीन ग्रॅम इकडचे तिकडे होतात, आणि पोळीवरून भाकरीवर गेल्याने दुप्पट. ज्या गोष्टीवरून घराघरांत वाद झडतात ती दोन ग्रॅमची, आणि जिच्याबद्दल कोणी बोलत नाही ती दुपटीची.

भाकरी जाडच का करायची, ती पोळीसारखी पातळ का नाही, असे मी सासूबाईंना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, एक गोळा माझ्यासमोर सरकवला. ३५ ग्रॅम पिठाचा तो गोळा थापताना चार बोटे पसरेपर्यंत ठीक होता, मग कडांना चिरा पडू लागल्या आणि परातीतून उचलताना त्याचे दोन तुकडे झाले. गव्हात ग्लुटेन असते, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही आणि ३० ग्रॅमची पोळी हवी तेवढी पातळ लाटता येते. ज्वारी-बाजरीत ते नसते. तिथे पीठ धरून ठेवायचे काम आधणाच्या पाण्याने अर्धवट शिजलेला पिष्टमय भाग करतो, आणि तो लवकर हार मानतो. सराईत हात भाकरी पातळ थापतातही. सोलापूरकडच्या कडक भाकऱ्या तर पापडासारख्या असतात. पण रोजच्या घाईत, सर्वसाधारण हाताने, भाकरीला जाडी द्यावीच लागते. तिचा आकार चवीने ठरलेला नाही, ती मोडू नये म्हणून ठरलेला आहे, आणि तिच्यातले कर्बोदकांचे मापही त्यातूनच आले आहे.

त्यातही पीठ जुने असेल तर गोष्ट आणखी बिघडते. महिनाभरापूर्वी दळलेल्या ज्वारीची विरी जाते. असे पीठ कितीही मळले तरी त्याला चिकटा येत नाही, कडा फाटतात, आणि करणारी बाई नकळत मूठभर पीठ जास्त घेऊन भाकरी जाड करते. एकदा मी असेच विरी गेलेले पीठ मोजून दिले, तेव्हा सासूबाईंची मूठ ६० वरून ७२ ग्रॅमवर गेली होती. त्यांना स्वतःलाही ते पटेना. काटाच बिघडलाय म्हणाल्या. १२ ग्रॅम पीठ म्हणजे ८ ग्रॅम कर्बोदके, आणि तीही का, तर गिरणीत जायचा कंटाळा केला म्हणून.

बाजरीची गंमत वेगळी आहे. माझे आजोळ नगर जिल्ह्यातले, तिथे थंडीत बाजरीच असे. भोगीला तीळ लावलेली भाकरी, खेंगट आणि लोण्याचा गोळा या तिन्ही गोष्टी माझ्या जिभेवर एकत्रच येतात. बाजरीची राखाडी भाकरी चुलीतून निघाली की तिला एक खमंग, किंचित कडवट कडा असे. तो कडवटपणा थोडा असला तर हवासा वाटे आणि जास्त झाला की आजी पीठ गाईला घाली. आता कोष्टक बघताना कळते की दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे साडेपाच ग्रॅम स्निग्धांश असतो, ज्वारीच्या तिप्पट. दळले की तो उघडा पडतो, पिठातलेच विकर त्याला फोडू लागतात, आणि आठ-दहा दिवसांत पिठाला खवट वास येतो. म्हणून आजोळी बाजरी पायलीने दळत नसत, चार दिवसांपुरतीच दळत. सासूबाईंच्याच मुठीने केलेल्या बाजरीच्या भाकरीत २२३ कॅलरी निघाल्या, ज्वारीपेक्षा ९ जास्त, आणि त्या सगळ्या या स्निग्धांशाच्या. कर्बोदके उलट चार ग्रॅमने कमीच. पण बाजरीची भाकरी कोरडी खाणारा माणूस मी अजून पाहिला नाही. वर लोण्याचा १० ग्रॅमचा गोळा ठेवला की ७० कॅलरी त्याच्याच झाल्या, आणि भोगीचे तीळ वेगळे. बाजरी उष्ण की थंड या वादात पडायची माझी तयारी नाही, परंतु तिच्यावरचे लोणी मोजलेले मी कुठल्याच वहीत पाहिलेले नाही.

प्रथिनांच्या आकड्याबद्दल एक गोष्ट मात्र लिहून ठेवली पाहिजे, कारण हल्ली तरुण मुले पोळीतली प्रथिने मोठ्या हौसेने मोजतात. माझा भाचा व्यायामशाळेत जातो आणि दोन भाकरींतून तेरा ग्रॅम प्रथिने मिळाली म्हणून खूश होतो. तिन्ही धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, आणि ज्वारीतली प्रथिने पाण्यात शिजल्यावर पचायला आणखी अवघड होतात. त्यामुळे वहीतले तेरा पोटात तेरा राहत नाहीत. डाळीत लायसिन भरपूर असते, तेव्हा पिठले-भाकरीला ही उणीव तितकी बाधत नाही. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पिठल्याची दुसरी वाटी घेतली आणि वर तेलाची फोडणी मागितली. ती मी मोजली नाही.

राहता राहिला नवऱ्याच्या पानाचा प्रश्न. मी सासूबाईंना कागद दाखवला आणि म्हटले, की भाकरीला हरकत नाही, पण एका भाकरीला ४० ग्रॅमच पीठ घ्यायचे. पिठी धरून ४३. म्हणजे एकीत २९ ग्रॅम कर्बोदके, दोन खाल्ल्या तर ५८, तीन पोळ्यांच्या जवळपास. त्यांनी काट्यावरचे ते एवढेसे पीठ बघितले, बोटाने जरा पसरून बघितले आणि म्हणाल्या, “अगं, ही भाकरी न्हवं. ही चानकी झाली.”

चानकी म्हणजे लहान मुलासाठी, उरल्या पिठाची, तळहाताएवढी केलेली भाकरी. मोठ्यांच्या भाकरी झाल्यावर शेवटी ती थापतात, आणि चुलीपाशी रेंगाळणाऱ्या पोराच्या हातात गरम गरम देतात. मी शब्द ऐकला होता. त्याचे वजन मला प्रथमच कळले. ४० ग्रॅम पिठाची ती चानकी त्यांनी घेर कमी ठेवून थापली, त्यामुळे जाडी नेहमीचीच राहिली, कडा फाटल्या नाहीत, आणि ती टम्म फुगली. माझा ३५ ग्रॅमचा गोळा का फाटला तेही तेव्हा लक्षात आले. मी पीठ कमी करून घेर तोच ठेवायला गेले होते.

ॲपमध्ये ‘चानकी’ नव्हती. नवऱ्याने ती स्वतः भरली: ज्वारीचे पीठ ४३ ग्रॅम, १४४ कॅलरी. बावन्न वर्षांचा माणूस पानातल्या त्या दोन वाटोळ्या तुकड्यांकडे जरा अवघडून बघत होता. सासूबाईंनी तिसरा गोळा परातीत घेतलेला मला दिसला. मी काट्याकडे बघितले, त्यांनी माझ्याकडे बघितले, आणि तो गोळा पुन्हा पिठाच्या डब्यात न टाकता त्यांनी स्वतःसाठी थापला.